सम पदे एकीकडे, विषम पदे दुसरीकडे

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कलनशास्त्र शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या वहीत हे गणित असते. फळ्यावर (−१)ⁿ × n/(n+१) एवढेच लिहायचे आणि विचारायचे, ही क्रमिका शेवटी कुठे जाते? मुले कॅल्क्युलेटर काढतात. मोठे आकडे घालून बघायचे म्हटले की हात आपोआप १०, १०० आणि १००० कडे जातो. पडद्यावर ओळीने ०.९०९, ०.९९० आणि ०.९९९ उमटते. आणखी एक शून्य वाढवले तर ०.९९९९. वर्गातला कोणीतरी खात्रीने सांगतो, "सर, उत्तर एक."

उत्तर चुकलेले असते. कॅल्क्युलेटर मात्र बरोबर असतो. दहा, शंभर, हजार आणि दहा हजार या सगळ्या सम संख्या आहेत, आणि n सम असला की (−१)ⁿ ची किंमत +१ येते. मुलाने चारही वेळा क्रमिकेची एकच बाजू तपासली. त्याच चिकाटीने त्याने ११, १०१ आणि १००१ घालून पाहिले असते, तर −०.९१७, −०.९९० आणि −०.९९९ मिळाले असते आणि तितक्याच खात्रीने त्याने उत्तर 'उणे एक' सांगितले असते.

दोन्ही वेळा आकडेमोड बिनचूक आहे. मग क्रमिका एककडे जाते की उणे एककडे? ती कुठेच जात नाही, आणि हे सिद्ध करायला या दोन तक्त्यांपलीकडे फारसे काही लागत नाही. दुसऱ्या एखाद्या गणितात विद्यार्थी ज्याला गोंधळ म्हणेल, तोच इथे पुरावा होतो.

आधी क्रमिका नीट डोळ्यांसमोर आणू. n च्या जागी १, २, ३ घालत गेले की −१/२, २/३, −३/४, ४/५, −५/६, ६/७ अशी पदे मिळतात. अपूर्णांकाचा आकार सतत वाढतो पण १ च्या पुढे कधीच जात नाही. चिन्ह मात्र दर पावलाला उलटते. संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे अर्ध्यावर एक ठिपका, उजवीकडे दोन तृतीयांशावर दुसरा, पुन्हा डावीकडे पाऊणवर तिसरा. वीसेक ठिपके काढून झाले की चित्र स्पष्ट होते: उजवीकडचे ठिपके १ पाशी दाटत चालले आहेत आणि डावीकडचे −१ पाशी. मधला पट्टा मोकळाच राहतो. −१/२ आणि २/३ यांच्या दरम्यान एकही ठिपका पडत नाही.

आता सीमेची व्याख्या. एखादी क्रमिका L या संख्येकडे जाते, म्हणजेच L ही तिची सीमा आहे, असे म्हणायचे तर अट अशी: L भोवती कितीही अरुंद पट्टा आखून दिला, तरी क्रमिकेतले एक असे पद सापडले पाहिजे की त्याच्या पुढची सगळी पदे त्या पट्ट्यातच राहतील. या वाक्याचा सगळा भार 'सगळी' या शब्दावर आहे. पुढची बरीच पदे पट्ट्यात आली, अगणित वेळा आली, तरी चालत नाही. एकही पद सुटता कामा नये. अशी सीमा असली तर क्रमिका अभिसारी, नसली तर अपसारी.

अपसारी या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. 'अपसारी' म्हटले की काहीतरी अनंताकडे पळत सुटले आहे असे वाटते, आणि मग विद्यार्थी म्हणतो की ही क्रमिका तर −१ आणि १ यांच्यामध्येच कोंडलेली आहे, ती अपसारी कशी असेल? पण अपसारी असण्यासाठी लांब पळावे लागत नाही. कुठल्याही एका संख्येपाशी स्थिरावली नाही, एवढेच पुरते.

त्या मुलाने १ या संख्येच्या दोन्ही बाजूंना ०.०१ अंतरापर्यंतचा पट्टा मनात धरला होता असे समजू. शंभरावे पद १००/१०१ आहे, १ पासून ०.०१ पेक्षा जरा कमी अंतरावर. ते आत आले. एकशे दुसरे आत, एकशे चौथे आत, आणि त्यापुढचे प्रत्येक सम पद आत. पण शंभराच्या लगेच पुढे एकशे एकावे पद आहे −१०१/१०२, आणि ते १ पासून जवळजवळ दोन एकक दूर आहे. दहा लाखाव्या पदापर्यंत चालत गेले, तरी दहा लाख एकावे पद पुन्हा पलीकडच्या टोकाला असते. 'सगळी' ही अट मोडली, म्हणून १ ही सीमा नाही. अगदी याच कारणाने −१ हीसुद्धा नाही.

पण मग ०.३ असेल? किंवा शून्य? एकेक संख्या घेऊन नाकारत बसायचे तर आयुष्य पुरणार नाही. उपक्रमिकांची युक्ती इथे कामाला येते. ती सगळे उमेदवार एकदम बाद करते.

उपक्रमिका म्हणजे मूळ क्रमिकेतली काही पदे निवडून, त्यांचा क्रम न बदलता लिहिलेली क्रमिका. पदे वगळायला मुभा आहे, मागे वळायला नाही, आणि निवड कुठेतरी थांबूनही चालत नाही; ती अनंत असावी लागते. सगळी सम क्रमांकांची पदे घेतली की एक उपक्रमिका, सगळी विषम क्रमांकांची घेतली की दुसरी. दहा, शंभर, हजार, दहा हजार अशी निवड करत जाणाऱ्या त्या मुलानेही, नकळत का होईना, एक उपक्रमिकाच धरली होती.

आता एक साधे निरीक्षण. मूळ क्रमिका L कडे जात असेल, तर तिची प्रत्येक उपक्रमिका L कडेच गेली पाहिजे. कारण उपक्रमिकेचे पन्नासावे पद मूळ क्रमिकेत पन्नासाव्या किंवा त्यापुढच्या जागेवरच असते. वगळत वगळत पुढे गेलेला माणूस मागे राहूच शकत नाही. म्हणजे मूळ क्रमिकेची पन्नासाव्यापासूनची सगळी पदे पट्ट्यात असतील, तर उपक्रमिकेचीही पन्नासाव्यापासूनची सगळी पदे त्याच पट्ट्यात सापडतात. पट्टा कोणताही घ्या, हे लागू पडते.

याच गोष्टीकडे उलट बाजूने पाहिले की गणित सुटते. एकाच क्रमिकेतून दोन उपक्रमिका काढून दाखवल्या आणि त्या वेगवेगळ्या संख्यांकडे गेल्या, तर मूळ क्रमिकेला सीमा असणे शक्य नाही. सीमा असती, तर दोघींना तिथेच जावे लागले असते, आणि एक उपक्रमिका दोन वेगळ्या संख्यांवर एकाच वेळी स्थिरावू शकत नाही.

कागदावर हे असे उतरते. n = २k घेतले की पद २k/(२k+१) होते, म्हणजेच १ − १/(२k+१). k वाढत गेला की वजा होणारा तुकडा शून्याकडे जातो, म्हणून ही उपक्रमिका १ कडे जाते. n = २k−१ घेतले की पद −(२k−१)/२k होते, म्हणजेच −१ + १/२k. इथे अधिक होणारा तुकडा शून्याकडे जातो, म्हणून ही −१ कडे जाते. १ आणि −१ वेगळ्या संख्या आहेत, म्हणून मूळ क्रमिका अपसारी. उत्तरपत्रिकेत हे चार ओळींत मावते. परीक्षक त्यात दोन गोष्टी शोधतो: दोन्ही उपक्रमिका स्पष्ट लिहिल्या आहेत का, आणि त्यांच्या सीमा नुसत्या सांगितल्या आहेत की काढून दाखवल्या आहेत. 'चिन्ह बदलते म्हणून अपसारी' एवढेच लिहिणाऱ्याचे गुण जातात, आणि ते योग्यच आहे. त्याचे कारण पुढे येईल.

ज्याला उपक्रमिकेचे नावही न घेता हे पटवून घ्यायचे असेल, त्याच्यासाठी शेजारशेजारची दोन पदे पुरतात. समजा, L ही सीमा आहे. मग L च्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा एकक असा पट्टा आखला, तर कुठल्यातरी पदापुढची सगळी पदे त्यात असली पाहिजेत. पट्ट्याची एकूण रुंदी १, म्हणून त्यातल्या कुठल्याही दोन पदांमधले अंतर १ पेक्षा कमीच असणार. पण पहिल्या दोन पदांतच, −१/२ आणि २/३ मध्ये, ७/६ एवढे अंतर आहे. पुढे ते वाढतच जाऊन २ च्या जवळ पोचते. शेजारचे दोघे एका खोलीत मावत नाहीत, मग खोली संख्यारेषेवर कुठेही बांधा. L कोणता हे विचारायची गरजही उरत नाही.

गणिताच्या इतिहासात हेच दोन तुकडे एका फार मोठ्या माणसाच्या हातात होते, आणि त्याने त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला. ग्वीदो ग्रांदी हा इटलीतल्या पिसा इथे शिकवणारा कामाल्दोली पंथाचा साधू. १७०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात १ − १ + १ − १ + … ही कधीच न संपणारी बेरीज येते. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर उत्तर शून्य दिसते. दुसऱ्या एका सूत्रात किंमत घातली तर अर्धा येतो. हे कसे, यावर त्या काळात पुष्कळ पत्रव्यवहार झाला. ग्रांदीने एक दाखलाही दिला: दोन भावांना वडिलांकडून एक अमोल रत्न मिळाले, ते विकायचे नाही असे ठरले आणि आळीपाळीने एकेक वर्ष ते एकेकाकडे राहू लागले. मग प्रत्येकाचा वाटा अर्धाच नव्हे का?

लायब्निट्सने १७१३ मध्ये तत्त्वज्ञ क्रिस्टिअन व्होल्फ याला लिहिलेल्या पत्रात या बेरजेचा विचार केला. भावांचा दाखला त्याला पटला नव्हता. त्याने बेरीज कुठे थांबवली यावर बोट ठेवले. विषम संख्येइतकी पदे घेऊन थांबलो तर उत्तर १, सम संख्येइतकी घेऊन थांबलो तर ०. अनंताला सम म्हणावे की विषम, हे ठरवायला काही आधार नाही, दोन्ही शक्यता सारख्याच. म्हणून दोन्हींच्या मधली किंमत, अर्धा, हीच घ्यावी.

हा युक्तिवाद वाचताना आजच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. आंशिक बेरजांची क्रमिका १, ०, १, ०, १, ० अशी आहे. तिची विषम पदे सगळी १, सम पदे सगळी ०. लायब्निट्सने दोन्ही उपक्रमिका अचूक हेरल्या होत्या. आजच्या व्याख्येने 'म्हणून सीमा नाही' हे लिहायला फक्त शेवटची ओळ बाकी होती. पण सीमेची काटेकोर व्याख्या अजून कोणी लिहिलेली नव्हती. बेरीज लिहिली आहे म्हणजे तिला किंमत असणारच, या समजुतीवर तो काळ उभा होता, आणि दोन उत्तरे दिसली की त्यांची तडजोड करणे स्वाभाविक वाटत होते. १८२१ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात कोशीने ठामपणे सांगितले, की अपसारी श्रेढीला बेरीजच नसते. अर्धा हे उत्तर तेव्हा अमान्य झाले. पुढे १८९० मध्ये इटलीच्या चेझारोने सरासरीवर आधारलेली वेगळी व्याख्या मांडली आणि तिच्यात अर्धा परत आला, पण 'सीमा' या नावाने नव्हे. आपल्या मूळ क्रमिकेच्या पदांची अशी चालू सरासरी काढत गेले तर ती शून्याकडे जाते. त्यावरून शून्य ही क्रमिकेची सीमा आहे असे कोणी लिहिले, तर तो लायब्निट्सचीच पायरी पुन्हा उतरतो.

आता ते गुण कापण्याचे कारण. चिन्ह आळीपाळीने बदलणे हा स्वतःमध्ये अपराध नाही. (−१)ⁿ/n ही क्रमिका घ्या: −१, १/२, −१/३, १/४ … चिन्ह इथेही दर पावलाला उलटते, पण आकार आटत जातो आणि डावी-उजवी दोन्ही टोके शून्यावर येऊन मिळतात. ही क्रमिका अभिसारी आहे.

आपल्याकडचे याचे सुंदर उदाहरण केरळातले आहे. चौदाव्या शतकातल्या संगमग्रामच्या माधवाच्या परंपरेतून आलेली १ − १/३ + १/५ − १/७ + … ही श्रेढी ज्येष्ठदेवाच्या 'युक्तिभाषा' या सोळाव्या शतकातल्या मल्याळम ग्रंथात सिद्धतेसह येते. तिच्या आंशिक बेरजा काढून बघाव्यात: १, ०.६६७, ०.८६७, ०.७२४, ०.८३५, ०.७४४. पहिली वर, दुसरी खाली, तिसरी वर, असा झोका इथेही आहे. विषम क्रमांकाच्या बेरजा १, ०.८६७, ०.८३५ अशा उतरत येतात आणि सम क्रमांकाच्या ०.६६७, ०.७२४, ०.७४४ अशा चढत जातात. दोन्ही उपक्रमिका एकाच संख्येपाशी भेटतात. ती संख्या पायचा चौथा भाग, म्हणजे ०.७८५…

ग्रांदीची श्रेढी आणि माधवाची श्रेढी, दोन्हींत चिन्हे सारखीच झुलतात. फरक एवढाच, की एकीत झोक्याची लांबी दर वेळी १ राहते आणि दुसरीत ती घटत घटत शून्याला टेकते. क्रमिकांबद्दल नियम असा लिहिता येतो: (−१)ⁿ ला धन संख्यांची bₙ ही क्रमिका गुणलेली असेल आणि bₙ ची सीमा c असेल, तर सम पदे c कडे जातात आणि विषम पदे −c कडे. c आणि −c एक व्हायचे तर c शून्यच हवा. आपल्या उदाहरणात c = १ होता, म्हणून बिनसले.

युक्ती वापरताना पुष्कळांचा पाय घसरतो तो उलट दिशेने. दोन उपक्रमिकांच्या सीमा सारख्या आल्या म्हणून मूळ क्रमिका अभिसारी आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. आपल्याच क्रमिकेतली चौथी, आठवी, बारावी पदे घ्या. ती १ कडे जातात. दुसरी, सहावी, दहावी घ्या. तीही १ कडेच. दोन उपक्रमिका, एकच सीमा, आणि तरी मूळ क्रमिका अपसारी, कारण विषम पदांना कोणी विचारलेलेच नाही. सम आणि विषम मिळून सगळी पदे येतात. म्हणून त्या दोघींची सीमा एक निघाली, तरच अभिसारी म्हणायचा हक्क मिळतो. वेगळ्या सीमा दाखवायच्या असतील तेव्हा मात्र हे बंधन नसते. अनंत पदांच्या दोन निवडी पुरतात, मध्ये काहीही सुटले तरी.

सम-विषम हीच वाटणी दर वेळी उपयोगी पडते असेही नाही. १, १, −१, −१, १, १, −१, −१ अशी क्रमिका घ्या. तिची विषम पदे १, −१, १, −१ अशी येतात, सम पदेही तशीच. दोन्ही उपक्रमिकांना स्वतःलाच सीमा नाही, आणि सवयीने सम-विषम करणारा विद्यार्थी इथे अडतो. पहिले, पाचवे, नववे पद एका हातात घ्यायचे आणि तिसरे, सातवे, अकरावे दुसऱ्या हातात. मग १ आणि −१ समोर येतात. निवड क्रमिकेच्या चालीवरून ठरवायची असते.

चाल इतकी सरळ नसली तर? sin n हे त्याचे उत्तम उदाहरण, कोन रेडियनमध्ये. इथे चिन्ह दर पावलाला उलटत नाही, झोका तीन-चार पावलांचा असतो आणि कुठलीही किंमत पुन्हा येत नाही, म्हणून सीमा नेमक्या सांगता येतील अशा उपक्रमिका सहज हाती लागत नाहीत. पण दर फेऱ्यात sin ची किंमत अर्ध्यापेक्षा जास्त असणारा जो पट्टा असतो, त्याची रुंदी २π/३, म्हणजे दोनहून थोडी जास्त आहे. एवढ्या रुंद पट्ट्यात एखादी तरी पूर्ण संख्या सापडणारच. प्रत्येक पट्ट्यातली एकेक उचलली की १, ७, १४, २० … असे क्रमांक मिळतात आणि त्या सगळ्या पदांची किंमत अर्ध्याच्या वर राहते. खालच्या बाजूच्या पट्ट्यांतून ४, १०, १७, २३ … मिळतात आणि ती सगळी पदे उणे अर्ध्याच्या खाली. sin n ला सीमा असती, तर पहिल्या निवडीमुळे ती १/२ च्या खाली जाऊ शकली नसती, आणि दुसरीमुळे −१/२ च्या वर येऊ शकली नसती.